अण्णांचा चहा आणि ओतल्यानंतरची चार मिनिटं

पत्र

डॉक्टर, माझे सासरे अण्णा 67 वर्षांचे आहेत. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. आम्ही सिडकोत राहतो. अण्णांना चहा गॅसवरून उतरला की लगेच लागतो. दोन मिनिटं उशीर झाला तर ‘पाणी झालं याचं’ म्हणून परत गरम करायला लावतात. दिवसातून सात-आठ कप होतात. खिशात तंबाखूची पुडी असतेच, दारू मात्र कधीच नाही. खूप गरम चहाने अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, असा मेसेज मला आला. अण्णा म्हणाले, ‘माझा बाप नव्वदीपर्यंत असाच चहा प्यायला.’ हे खरं आहे का? चहा बंद करावा का? बाकी तब्येत ठीक आहे. महिना-दीड महिना भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून चहात बुडवून खातात, एवढंच.

उत्तर

ताई, चहाविषयी सविस्तर लिहिते. पण तुम्ही ज्या वाक्यापुढे ‘एवढंच’ लिहिलंत, तिथूनच सुरुवात करावी लागेल. या आठवड्यात अण्णांना पोटाच्या डॉक्टरांकडे न्या आणि अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी करून घ्या. चहाचं काय करायचं ते ठरवायला पुढे वेळ आहे, या तपासणीला नाही.

घाई का, तेही सांगते. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत गेलेली साधारण 25 सेंटिमीटरची स्नायूंची नळी. ती चांगली ताणली जाते, त्यामुळे आत काही वाढत असलं तरी बरेच दिवस माणसाला पत्ता लागत नाही. नळी बऱ्यापैकी अरुंद झाली की पहिल्यांदा अडकते ती भाकरी किंवा मटणाचा तुकडा. मग माणूस न कळत वाट काढतो. भाकरी कुस्करतो, दुधात किंवा चहात बुडवतो, प्रत्येक घासाबरोबर पाणी घेतो. काही आठवड्यांनी भात अडकायला लागतो, त्यानंतर पेज. घरच्यांना वाटतं, वयामुळे खाणं कमी झालं किंवा कवळी नीट बसत नाही. माझ्या ओपीडीत अशा रुग्णाला मी ‘त्रास कधीपासून आहे’ हे नंतर विचारत असे. आधी विचारायची, ‘गेल्या सहा महिन्यांत कुठले पदार्थ सोडलेत?’ त्या उत्तरात दुखणं किती जुनं आहे ते कळायचं.

याचा अर्थ अण्णांना कॅन्सरच आहे असा अजिबात नाही. वर्षानुवर्षांच्या आम्लपित्ताने नळीच्या खालच्या टोकाला व्रण पडून ती आक्रसते, तेव्हाही असंच होतं. कधी नळीच्या स्नायूंची हालचाल बिघडलेली असते, मात्र त्यात बहुतेक वेळा घट्ट आणि पातळ दोन्ही पदार्थ सुरुवातीपासूनच अडकतात. यातलं नेमकं काय झालंय ते बाहेरून ओळखता येत नाही. ॲसिडिटीची गोळी घेऊन बरं वाटलं, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. पट्ट्याचं भोक एखाद्-दुसरं आत गेलंय का, तेवढं मात्र आजच बघून ठेवा. डॉक्टर विचारतीलच.

आता चहा.

मेसेज पूर्ण खोटा नाही, पण त्यात चहाला उगाच आरोपी केलंय. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे. 2016 साली तिथे शास्त्रज्ञांच्या एका गटाने तोवरचे सगळे अभ्यास तपासले आणि 65 अंश सेल्सिअसच्या वरचं कुठलंही पेय ‘माणसात बहुधा कॅन्सरकारक’ या वर्गात टाकलं. कुठलंही पेय म्हणजे चहा, कॉफी, अगदी नुसतं पाणीसुद्धा. त्याच बैठकीत कॉफीला मात्र कॅन्सरकारक ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं ठरलं. म्हणजे दोष पत्तीचा, दुधाचा किंवा आल्याचा नाही, तापमानाचा आहे. सकाळी उठून कढत पाणी पिणाऱ्यांनाही हे तितकंच लागू होतं. ‘बहुधा’ हा शब्दही नीट समजून घ्या. पुरावा किती पक्का आहे, हे तो सांगतो. धोका किती मोठा आहे, हे त्यावरून कळत नाही.

तापमान आणि कॅन्सर यांचा संबंध लोकांच्या लक्षात आला तो अशा काही प्रदेशांमुळे, जिथे अन्ननलिकेचा कॅन्सर फार आणि चहा कढत पितात. आपल्याकडे काश्मीर हे त्याचं उदाहरण. तिथला मिठाचा गुलाबी चहा समोवारमध्ये, म्हणजे आत निखारे असलेल्या किटलीत, तासन्‌तास गरम राहतो. पण सगळ्यात बारकाईने काम झालं ते इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राकाठच्या गोलेस्तान प्रांतात. तिथलं कोडं असं होतं की दारू आणि सिगारेट दोन्हीचं प्रमाण कमी, तरीही अन्ननलिकेच्या कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. आणि जवळजवळ प्रत्येक माणूस रोज सरासरी लिटरभराहून जास्त कोरा चहा पिणारा.

‘तुम्ही चहा किती गरम पिता?’ असं विचारून उपयोग नसतो. अण्णांना विचारलंत तर तेही ‘कोमटच पितो’ म्हणतील, आणि त्यांच्या जिभेला ते खरंच वाटत असेल. म्हणून तिथल्या संशोधकांनी फार साधी युक्ती केली. ताजा चहा दोन कपांत ओतायचा, एका कपात थर्मामीटर ठेवायचा. तो 75 अंशांवर आला की दुसऱ्या कपातला घोट माणसाला घ्यायला सांगायचा आणि विचारायचं, रोज इतकाच गरम पिता का? नाही म्हणाला तर 70 पर्यंत थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. असं पाच-पाच अंशांनी खाली यायचं. अशा मोजमापासह पन्नास हजार माणसांची नोंद झाली आणि पुढे साधारण दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. 2019 साली निष्कर्ष छापून आले. त्या काळात 317 जणांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. 60 अंशांच्या खाली आणि 700 मिलीलिटरपेक्षा कमी चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, 60 अंश किंवा त्याहून गरम चहा दिवसाला 700 मिलीलिटर किंवा जास्त पिणाऱ्यांमध्ये धोका सुमारे 90 टक्क्यांनी जास्त होता.

90 टक्के ऐकून घाबरू नका. जिथे हा आजार इतका जास्त आहे, तिथेही पन्नास हजारांत दहा वर्षांत सव्वातीनशेच्या आत माणसांना तो झाला. अण्णांचे वडील नव्वदीपर्यंत जगले, यात म्हणूनच नवल नाही. कढत चहा पिणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण 700 मिलीलिटर म्हणजे तुमच्या घरच्या शंभर मिलीलिटरच्या कपाने सात कप, आणि अण्णा त्याच गटात बसतात.

त्याच भागातला 2009 सालचा एक अभ्यास मला जास्त उपयोगाचा वाटतो, कारण त्यात थर्मामीटर नव्हे, घड्याळ आहे. चहा ओतल्यापासून किती वेळात पितात, हे त्यांनी रुग्णांना आणि त्याच वस्तीतल्या निरोगी माणसांना विचारलं. चार मिनिटं किंवा जास्त थांबणाऱ्यांशी तुलना केली, तर दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर असण्याची शक्यता पाचपट निघाली. अशा अभ्यासात रुग्णाच्या आठवणीवर भिस्त असते, म्हणून पाच हा आकडा मी दगडावरची रेघ मानत नाही. पण तुमच्या घरातल्या ‘दोन मिनिटं उशीर’ या भांडणाचं उत्तर त्यात आहे.

आत नेमकं काय होतं? आपल्या तोंडाला चटका कळतो, म्हणून सराईत चहाबाज घोट तोंडात थांबवतच नाही, थेट आत सोडतो. तो चटका मग अन्ननलिका घेते, आणि तिला तो तोंडाइतका जाणवत नाही. कधीतरी छातीतून एक गरम रेघ उतरल्यासारखं होतं, तेवढंच. पेय 65 अंशांचं असेल तर अन्ननलिकेतलं तापमान 6 ते 12 अंशांनी वाढू शकतं, असं आत तापमापक सोडून मोजलेलं आहे, आणि घोट जेवढा मोठा तेवढी वाढ जास्त. रोज सात-आठ वेळा, वर्षानुवर्षं असं झालं की आतलं अस्तर पुन्हा पुन्हा भाजतं आणि पुन्हा पुन्हा भरून येतं. भरून यायचं म्हणजे पेशींनी विभागायचं, आणि जितक्या वेळा त्या विभागतात तितक्या वेळा चूक होण्याची संधी. शिवाय भाजलेलं अस्तर राखण करत नाही. एरवी जे बाहेरच राहिलं असतं ते त्यातून आत झिरपतं.

आणि झिरपायला काय असतं? ताई, इथे अण्णांच्या खिशातली पुडी येते, आणि माझ्या मते ती चहापेक्षा मोठी गोष्ट आहे. चीनमध्ये साडेचार लाखांहून जास्त लोकांवर नऊएक वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2018 साली आला. कढत चहाबरोबर रोजची दारू असेल तर धोका पाचपट, कढत चहाबरोबर सिगारेट असेल तर दुप्पट. आणि ज्यांना दारू आणि तंबाखू दोन्ही नव्हतं, त्यांच्यात रोज चहा पिणाऱ्यांना जास्त धोका दिसला नाही, चहा कितीही गरम असला तरी. गोलेस्तानचा अभ्यास एक सांगतो आणि हा थोडं वेगळं सांगतो, त्यामुळे एकट्या कढत चहाचा दोष किती याविषयी मी ठाम बोलणार नाही. पण भाजलेल्या अस्तरावर तंबाखूचा रस, याविषयी ठाम बोलते. हा अभ्यास सिगारेटचा होता. अण्णांची तंबाखू चघळायची आहे, तिचा रस थुंकला तरी थोडा गिळला जातोच, आणि चघळायची तंबाखू अन्ननलिकेच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे. त्यासाठी कुठल्याही चहाची साथ लागत नाही. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत पुडी आधी चढते आणि तोंड खळखळून धुवायच्या आत चहा समोर येतो. अण्णांकडून एकच गोष्ट कबूल करून घेता येणार असेल, तर चहा राहू द्या आणि पुडी सोडवा. 1800-11-2356 हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा विनामूल्य क्रमांक आहे. फोन त्यांना स्वतःला करू द्या. दुसऱ्याने लावून दिलेला फोन फार काळ टिकत नाही.

चहा बंद करू नका. फक्त ओठांपर्यंत येताना तो 60 अंशांच्या आसपास असावा. हे फार थंड नाही. इंग्लंडमधले लोक चहा साधारण 56 ते 60 अंशांवरच पितात आणि त्याला गरम चहाच म्हणतात.

आधी मोजून बघा. तापाचा थर्मामीटर चुकूनही चहात बुडवू नका. तो 42 अंशांपर्यंतचाच असतो, काचेचा असेल तर फुटेल आणि पारा कपात जाईल. दूध किंवा स्वयंपाकासाठीचा सळईवाला थर्मामीटर मिळतो, तो आणा आणि गोलेस्तानचा दोन कपांचा प्रयोग अण्णांबरोबर करा. त्यांना उपदेश आवडणार नाही, पण कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला काटा वाचायला आवडतो, असा माझा अनुभव आहे. ‘कितीला पिता ते बघूया’ म्हणा आणि आकडा त्यांनाच वाचू द्या.

आपला चहा इतका गरम का असतो, याचं कारण करण्याच्या पद्धतीत आहे. कोऱ्या चहात वरून थंड दूध घातलं तर तो तिथेच उतरतो. आपण दूध पातेल्यात घालून उकळतो, त्यामुळे दुधाने काहीच निवत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून इथे पाणी 98 अंशांना उकळतं. ते गाळून कपात येईपर्यंत 88-90 उरतात, आणि अण्णांचा पहिला घोट त्यानंतर मिनिटभरात असतो.

म्हणून दुधाचा थोडा भाग मागे ठेवा. एका कपाचा हिशेब देते. कपात 120 मिलीलिटर चहा हवा असेल तर 95 मिलीलिटर चहा नेहमीसारखा दूध घालून चांगला उकळा, थोडी पत्ती जास्त टाका. गाळल्यावर तो 88 अंशांवर असेल, तर त्यात फ्रिजमधलं आधी तापवून ठेवलेलं 25 मिलीलिटर, म्हणजे पाच छोटे चमचे, दूध घाला. चहा लगेच 71 अंशांच्या जवळ येतो. चव जात नाही, कारण पत्ती आणि आलं उकळून झालेलं असतं. यापुढे राहिले दहाएक अंश.

ते दहा अंश बशी उतरवते. माझी आजी पंचवटीत राहायची. चहा नेहमी बशीत ओतून, फुंकर घालून, भुरका मारत प्यायची, आणि आम्हा मुलींना त्या आवाजाची लाज वाटायची. आज कळतं की तिचं तीनही बाबतीत बरोबर होतं. बशी थंड असते आणि चिनी माती स्वतः उष्णता ओढून घेते, वर पातळ थर पसरल्याने वाफ झपाट्याने जाते. अर्ध्या मिनिटात दहा अंशांहून जास्त उतरतात. भुरका मारताना चहाबरोबर हवा आत येते आणि घोट लहान राहतो. अण्णांच्या पिढीला बशी नवी नाही. मधल्या काळात घरोघरी जाड मग आले आणि बशी मागे पडली. जाड मगचा आणखी एक तोटा असा की तो हाताला गरम लागत नाही, त्यामुळे हात सावध करत नाही. स्टीलचा पेला तरी बोटं भाजून सांगतो की अजून थांब.

बशी नको म्हणाले तर घड्याळ लावा. ओतल्यावर चार मिनिटं झाकण न ठेवता राहू द्या, मगच कप हातात द्या, आणि त्यानंतरही मोठा घोट नको. हिवाळ्यात इथली थंडी कडक असते, तेव्हा चहा चार मिनिटांत खरंच फार निवेल. तेव्हा थर्मामीटरवर विश्वास ठेवा आणि 60 दिसले की प्या. थर्मासमधला चहा मात्र तासाभरानेही 70 च्या वर असू शकतो, तिथे ‘केव्हाच केलाय’ हे कारण चालत नाही. टपरीवर थर्मामीटर कोणी नेत नाही. तिथली खूण सोपी आहे: पेला रुमालाने धरावा लागतोय किंवा पहिल्या घोटाला जीभ मागे येतेय, तर थांबा. संध्याकाळी जिभेचं टोक खरखरीत लागत असेल, तर दिवसभर कढतच चहा झाला असं समजा.

हे सगळं अण्णांचा आजवरचा हिशेब पुसून टाकत नाही. म्हणून पुन्हा तपासणीकडे येते. दुर्बीण तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, त्यात चहाही आला. आदल्या रात्री हे अण्णांना स्पष्ट सांगा, नाहीतर सकाळी साडेपाचला ते स्वतःच गॅस पेटवतील. घशात बधिर करणारा फवारा मारतात किंवा थोडी गुंगी देतात. आतली तपासणी दहाएक मिनिटांची असते. काही वावगं दिसलं तर मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात आणि त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. तुकडा घेतला म्हणजे कॅन्सर पसरतो, ही समजूत मी आयुष्यभर ऐकली. तिच्यापायी तपासणी लांबवलेली माणसंही पाहिली. ती खरी नाही. बेरियम पिऊन काढायचा एक्स-रेही असतो, पण त्यात तुकडा काढता येत नाही, म्हणून एकच तपासणी करायची असेल तर दुर्बीण.

खर्चाची काळजी असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात चौकशी करा. पुढे उपचार लागलेच, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. त्यासाठी अण्णांचं रेशनकार्ड आणि आधार एका फाईलमध्ये आत्ताच काढून ठेवा. त्याच फाईलमध्ये एक कागद घाला: भाकरी पहिल्यांदा कधी अडकली, आता काय काय अडकतं, वजन किती होतं आणि किती आहे, तंबाखू किती वर्षं, चालू गोळ्या कुठल्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती या कागदावर सगळ्यात वर लिहा आणि तपासणीच्या आधीच डॉक्टरांना दाखवा. ती स्वतःहून बंद करू नका.

अण्णांना मात्र ‘कॅन्सरची तपासणी’ असं सांगून नेऊ नका. ‘भाकरी का अडकते ते बघून येऊ’ असं सांगा. ते खरंही आहे. अहवाल आला की मला पुन्हा लिहा.